आर्टेमिसिनिन लोहाच्या मदतीने हिवतापाचा परजीवी कसा मारतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या पट्ट्यातल्या आशाताई, शाळेतले शिक्षक आणि रुग्णांचे नातेवाईक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असं ठेवलं आहे. एकाच गोष्टीचा दोन ठिकाणी संबंध आला तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. औषधांची मात्रा समजावी म्हणून आकडे दिले आहेत. तपासणी न करता स्वतःच्या मनाने गोळ्या घेण्यासाठी ते नाहीत.

१. पीएफ निघाला की जे पाकीट देतात, त्यात आर्टेमिसिनिनची गोळी कोणती?

पीएफ म्हणजे प्लाझमोडियम फाल्सिपेरम, हिवतापाचा जास्त धोकादायक प्रकार. २०१३ च्या राष्ट्रीय औषध धोरणाप्रमाणे ईशान्येकडची राज्यं सोडून बाकी देशात त्यावर आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइन (एसपी) ही जोडी देतात. पाकिटाचा रंग वयाप्रमाणे बदलतो. १५ वर्षांपुढच्यांचं पाकीट पांढरं असतं. त्यात आर्टेसुनेटचे तीन दिवसांचे डोस असतात, रोज २०० मिलिग्रॅम; एसपीच्या दोन गोळ्या फक्त पहिल्या दिवशी घ्यायच्या.

आर्टेसुनेट हे आर्टेमिसिनिनपासूनच बनवलेलं औषध आहे. मूळ आर्टेमिसिनिन आर्टेमिसिया अ‍ॅनुआ या वनस्पतीच्या पानांतून मिळतं, पण ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. म्हणून रसायनशाळेत त्यात थोडा बदल करतात. पोटात गेल्यावर आर्टेसुनेटचं काही मिनिटांतच डायहायड्रोआर्टेमिसिनिन होतं आणि रक्तात खरं काम तेच करतं. पुढे सोयीसाठी सगळ्यांनाच आर्टेमिसिनिन म्हटलं आहे, कारण मारण्याची रीत तिघांचीही एकच.

२. लोहामुळे फ्री रॅडिकल सुटतात म्हणतात. म्हणजे रेणूत नेमकं काय घडतं?

आर्टेमिसिनिनचं रासायनिक सूत्र C₁₅H₂₂O₅. यातल्या पाच ऑक्सिजन अणूंपैकी दोन एकमेकांना थेट जोडलेले असतात आणि रेणूच्या कड्यात पुलासारखे बसलेले असतात. त्याला पेरॉक्साइड पूल म्हणतात. ऑक्सिजन-ऑक्सिजन हा बंध मुळातच कच्चा. हा रेणू म्हणजे स्प्रिंग ओढून ठेवलेला उंदराचा सापळा समजा: नुसता ठेवला तर काही होत नाही, चाप हलला की सुटतो.

तो चाप लोह हलवतं, पण कोणतंही लोह नव्हे. त्यासाठी फेरस रूपातलं, म्हणजे Fe²⁺ लोह लागतं. ते पुलाला एक इलेक्ट्रॉन देतं. इलेक्ट्रॉन मिळताच पूल तुटतो आणि एका ऑक्सिजनवर एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरतो. असा एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूला किंवा तुकड्याला फ्री रॅडिकल म्हणतात. ही अवस्था टिकत नाही. रेणू आतल्या आत मोडून पुन्हा जुळतो आणि एकटा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवरून कार्बनवर जातो. हा कार्बनचा रॅडिकल जवळ जे सापडेल त्याला कायमचा चिकटतो. परजीवीत हे लोह मुख्यतः हीममध्ये, म्हणजे हिमोग्लोबिनच्या लोह धरून ठेवणाऱ्या भागात असतं. म्हणून पहिल्यांदा सापडतं ते बहुधा ज्या हीमने त्याला मोकळं केलं तेच हीम, आणि मग परजीवीची प्रथिनं. त्याचा नेम एका ठरावीक प्रथिनावर नसतो. शंभराहून अधिक वेगवेगळ्या प्रथिनांना तो चिकटल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. इतक्या ठिकाणी एकदम नासधूस झाली की परजीवीला खराब प्रथिनांची विल्हेवाट लावणं झेपत नाही आणि तो मरतो.

पुलाचं महत्त्व एका साध्या पुराव्यावरून कळतं. डीऑक्सिआर्टेमिसिनिन नावाचा रेणू हुबेहूब असाच असतो, फक्त पुलातला एक ऑक्सिजन कमी असतो. परजीवीवर त्याचा परिणाम जवळपास होत नाही.

३. परजीवीकडे एवढं लोह येतं कुठून?

तो आपलंच हिमोग्लोबिन खातो. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ ते २८ कोटी रेणू असतात आणि प्रत्येक रेणूत चार हीम, प्रत्येक हीमच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. म्हणजे एका पेशीत शंभर कोटींहून जास्त लोह-अणू. पेशीत शिरलेला परजीवी ४८ तासांच्या फेरीत यातला अर्ध्याहून बराच जास्त साठा आपल्या पचनपोकळीत ओढून घेऊन पचवतो.

त्याला हवं असतं प्रथिन, हीम नको असतं. प्रथिन पचलं की हीम उघडं पडतं आणि उघडं हीम परजीवीसाठीही विषच. त्यावर त्याने तोड काढली आहे: हीमचे स्फटिक करून ते बाजूला टाकायचे. या स्फटिकांना हिमोझोइन म्हणतात. रक्तनमुन्याच्या काचपट्टीवर पीएफच्या चंद्रकोरीसारख्या अवस्थेच्या मधोमध किंवा पीव्ही, म्हणजे प्लाझमोडियम व्हायवॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या प्रकाराच्या मोठ्या परजीवीत तपकिरी-काळसर कण दिसतात, ते हेच. ज्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहिले आहेत, त्यांनी परजीवीने खाऊन टाकलेल्या हिमोग्लोबिनचं लोह डोळ्यांनी पाहिलं आहे.

आर्टेमिसिनिन गाठतं ते मधल्या टप्प्यावर. हिमोग्लोबिनमधून हीम सुटलं आहे, पण स्फटिकात अजून बंद झालेलं नाही, अशा वेळी. पेशीतल्या सुट्या लोहाचाही यात थोडा हात असल्याचं मानतात, पण बहुतेक काम हीमच्या लोहाचं. परजीवी जेवढं जास्त खातो तेवढं औषध त्याच्यावर जास्त उलटतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर खालचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

४. आपल्या सगळ्याच तांबड्या पेशींत लोह आहे. मग औषध त्यांना का मारत नाही?

निरोगी पेशीत हीम प्रथिनाच्या घडीत आत दडलेलं असतं, त्यामुळे पूल तोडायला ते सहजी हाती लागत नाही. रक्तद्रवात फिरणारं लोह ट्रान्सफेरिन या प्रथिनाला घट्ट बांधलेलं असतं आणि तेही फेरिक, म्हणजे Fe³⁺ रूपात. उघडं हीम मोठ्या प्रमाणात मिळतं ते परजीवी जिथे हिमोग्लोबिन पचवतो तिथेच.

याला एक अपवाद आहे. गंभीर हिवतापात आर्टेसुनेटचं इंजेक्शन दिलेल्या काही रुग्णांत एक ते तीन आठवड्यांनी रक्तपेशी फुटून हिमोग्लोबिन घसरतं. इथे औषधाने निरोगी पेशी मारलेल्या नसतात. औषधाने मेलेला परजीवी प्लीहा पेशीतून उपसून काढते आणि ती पेशी पुन्हा रक्तात सोडते. अशा पेशींचं आयुष्य कमी असतं आणि त्या थोड्या दिवसांनी एकाच सुमारास फुटतात. म्हणून इंजेक्शन घेऊन घरी आलेल्या माणसाला महिनाभरात फिकटपणा, धाप किंवा गडद लघवी दिसली तर लगेच हिमोग्लोबिन तपासून घ्यावं.

५. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, माणूस धानाच्या रोवणीला गेला. तिसऱ्या दिवसाची गोळी कशाला?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून आकडेच मांडू.

५० किलोचा माणूस धरा. त्याच्या अंगात साधारण पावणेचार लिटर रक्त. दर मायक्रोलिटरमध्ये ४० लाख तांबड्या पेशी आणि त्यातल्या शंभरात एका पेशीत परजीवी आहे असं समजा. म्हणजे मायक्रोलिटरमागे ४० हजार परजीवी आणि अंगभर मिळून सुमारे १५ हजार कोटी.

आर्टेमिसिनिनचं औषध चालू असताना परजीवीची संख्या एका ४८ तासांच्या फेरीत साधारण दहा हजारपटीने घटते. हिवतापाच्या दुसऱ्या कोणत्याही औषधाला एवढा वेग नाही. पहिल्या फेरीनंतर १५ हजार कोटींचे दीड कोटी उरतात. ताप तेव्हाच उतरतो, कारण दीड कोटी परजीवी ताप आणायला कमी पडतात. काचपट्टीवरही ते सापडणार नाहीत. पावणेचार लिटरमध्ये पसरले तर मायक्रोलिटरमागे चारच येतात. पण ते जिवंत असतात. औषध इथेच थांबलं आणि दर फेरीला ते दहापट वाढले, तर चार फेऱ्यांत, म्हणजे आठ दिवसांत, पुन्हा १५ हजार कोटी.

तीन दिवस रोज डोस घेतला की परजीवीच्या दोन फेऱ्या औषधाच्या तावडीत येतात. दुसऱ्या फेरीत दीड कोटींचे जेमतेम दीड हजार उरतात. ते संपवायचं काम एसपीचं. आर्टेमिसिनिनचा अर्धायुकाल तासाभराचा, म्हणजे सकाळी घेतलेली गोळी संध्याकाळपर्यंत रक्तातून जवळपास संपलेली असते. एसपी मात्र अनेक दिवस रक्तात रेंगाळतं. एक झपाट्याने मारतं, दुसरं रेंगाळून उरलेल्यांना गाठतं. नुसत्या आर्टेमिसिनिनच्या गोळ्या विकायला सरकारने बंदी घातली आहे, ती यामुळेच.

६. गरोदरपणाच्या किंवा अशक्तपणाच्या लोहाच्या गोळ्या चालू आहेत. त्याने औषधाला जोर येईल का, की त्या बंद कराव्यात?

जोर येणार नाही. गोळीतलं लोह आतड्यातून रक्तात जातं तेव्हा ट्रान्सफेरिनला बांधलं जातं (प्रश्न ४). पूल तोडणारं लोह परजीवीच्या पोटातल्या हीममधून येतं आणि त्याचा साठा आधीच भरपूर आहे. त्यामुळे मलेरियाची गोळी जास्त चालावी म्हणून कोणी दोन-दोन लाल गोळ्या घेत असेल, तर त्याने फक्त पोट बिघडेल.

उलट बाजू अशी: लोह बांधून ठेवणारी औषधं, उदाहरणार्थ डेफेरॉक्सामाइन, प्रयोगशाळेत आर्टेमिसिनिनचा परिणाम कमी करतात. थॅलेसेमियाच्या किंवा वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णांना अशी औषधं चालू असतात. त्यांनी हिवताप निघाल्यावर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं.

गरोदर बाईबद्दल वेगळं लक्षात ठेवा. पहिल्या तीन महिन्यांत पांढरं पाकीट देत नाहीत, तिला थेट डॉक्टरांकडे पाठवायचं. लोह-फोलिकच्या सरकारी गोळीत फोलिक अ‍ॅसिड ५०० मायक्रोग्रॅम असतं. एवढ्याने एसपीला अडचण येत नाही. जास्त मात्रेची गोष्ट पुढच्या प्रश्नात.

७. घरात सिकलसेलचा रुग्ण आहे. त्याच्यावर हे औषध चालतं का?

आर्टेसुनेट चालतं. हिमोग्लोबिनचा आकार बदलला तरी हीम आणि त्यातलं लोह तेच राहतं, त्यामुळे परजीवीने ते खाल्लं की औषध तसंच सुटतं.

अडचण दुसऱ्या गोळीची आहे. सिकलसेलच्या रुग्णांना बहुधा रोज ५ मिलिग्रॅम फोलिक अ‍ॅसिडची गोळी चालू असते. एसपी परजीवीची फोलेट बनवण्याची वाट अडवतं आणि बाहेरून एवढं फोलिक मिळालं तर तो अडथळा कमकुवत होतो. प्रश्न ५ मधले दीड हजार मारण्याचं काम ज्याच्यावर सोपवलं आहे, तेच औषध लंगडं पडतं. म्हणून आशाताईने पाकीट देण्याआधी सिकलसेलचं कार्ड आणि चालू गोळ्या पाहाव्यात. ५ मिलिग्रॅमची गोळी काही दिवस थांबवायची की दुसरी जोडी द्यायची, हे डॉक्टरांनी ठरवायचं, घरी नाही. आणि सिकलसेल आजार असलेल्या माणसाचा हिवताप गावातच हाताळू नये; त्याची तब्येत फार लवकर ढासळते. सिकलसेल वाहकाचं तसं नाही. त्याला पीएफच्या गंभीर रूपापासून बरंच संरक्षण असतं, मात्र तपासणी आणि औषध इतरांसारखंच.

८. हे दवण्याच्याच जातीतलं झाड आहे ना? मग काढा करून प्यायला तर?

दवणा आर्टेमिसिया कुळातलाच, पण जात वेगळी: आर्टेमिसिया पॅलेन्स. औषध काढतात ती आर्टेमिसिया अ‍ॅनुआ. दवण्याने हिवताप बरा होत नाही. यापेक्षा वाईट घोटाळा गाजरगवताचा होतो. चिरलेल्या बारीक पानांमुळे फोटोत दोन्ही सारखी वाटतात. अ‍ॅनुआचं पान चोळलं की कापरासारखा गोडसर उग्र वास येतो आणि फुलं बारीक पिवळसर असतात. गाजरगवताची फुलं पांढरी. गाजरगवताने अंगावर खाज आणि चट्टे उठतात, ते पोटात घेण्याचा विचारही नको.

खरं अ‍ॅनुआ मिळालं तरी काढा भरवशाचा नाही. वाळलेल्या पानांत आर्टेमिसिनिन वजनाच्या जेमतेम ०.१ ते १ टक्का असतं आणि ते जात, कापणीची वेळ, वाळवण्याची रीत यांप्रमाणे बदलतं. त्यातलं पाण्यात फार थोडं उतरतं. पेरॉक्साइड पूल उष्णतेलाही नाजूक आहे. चिनी संशोधक तू यूयू यांच्या गटाला सुरुवातीला हीच अडचण आली. चौथ्या शतकातल्या एका वैद्यकीय ग्रंथात हे झाड उकळण्याऐवजी पाण्यात भिजवून पिळून रस प्यायला सांगितलं होतं. त्यावरून त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला आणि १९७२ मध्ये शुद्ध आर्टेमिसिनिन वेगळं झालं. २०१५ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

काढ्याचा खरा धोका असा: अर्धवट मात्रेने ताप एखाद-दोन दिवस उतरतो, तपासणी लांबते आणि परजीवी आतून वाढत राहतो. जागतिक आरोग्य संघटना या झाडाचा चहा, काढा किंवा पावडर हिवतापासाठी वापरू नका असंच सांगते.

९. एवढं जबर औषध, तरी दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विन वेगळं का देतात?

कारण परजीवीच्या काही अवस्था हिमोग्लोबिन खातच नाहीत, आणि खाणं नाही तिथे चाप हलवायला हीम नाही. पीएफच्या पूर्ण वाढलेल्या चंद्रकोरी या अशाच. त्या ताप आणत नाहीत, पण डासाच्या पोटात गेल्या की पुढच्या माणसाला हिवताप देतात. त्यांच्यासाठी पाकिटाच्या दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एकच डोस असतो: किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला ४५ मिलिग्रॅम, म्हणजे साडेसात मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या. तो रुग्णापेक्षा गावासाठी जास्त आहे.

यकृतात लपून बसलेल्या पीव्हीच्या सुप्त अवस्थेचंही तेच. यकृताच्या पेशीत खायला हिमोग्लोबिनच नाही. म्हणून पीव्हीत प्रायमाक्विन १४ दिवस, किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम. बरेच जण चौथ्या दिवशी ते सोडतात आणि काही महिन्यांनी नवा डास न चावताही ताप परत येतो.

गरोदर बाई आणि वर्षाच्या आतलं बाळ यांना प्रायमाक्विन देत नाहीत. तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटू शकतात. लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, तर गोळी तिथेच बंद करून दवाखाना गाठायचा.

१०. पीव्हीला आर्टेसुनेट न देता क्लोरोक्विन का?

ते अजून काम करतं म्हणून. गंमत अशी की क्लोरोक्विनचा रोखही त्याच हीमवर आहे, फक्त रीत उलटी. ते हीमचे स्फटिक होऊ देत नाही, त्यामुळे परजीवी स्वतःच्याच उष्ट्या हीमने मरतो. पीएफने क्लोरोक्विन पचनपोकळीच्या बाहेर फेकायला शिकून घेतलं, म्हणून त्याच्यासाठी जोडी बदलावी लागली. पीएफ आणि पीव्ही दोन्ही निघाले तर पीएफचं पाकीट आणि सोबत १४ दिवसांचं प्रायमाक्विन.

११. परजीवीला या औषधाची सवय झाली असं ऐकलं. लोहापासून तो सुटतो कसा?

तो खाणं कमी करतो. कंबोडियाच्या पश्चिम भागात २००८ च्या सुमारास असे परजीवी दिसू लागले की औषध चालू असूनही तीन-तीन दिवस रक्तात राहायचे. २०१४ मध्ये त्याचं मूळ केल्च-१३ या जनुकातल्या बदलात सापडलं. या जनुकाचं प्रथिन हिमोग्लोबिनचा घास आत ओढण्याच्या कामात लागतं. बदल झालेला परजीवी कोवळ्या, अंगठीसारख्या अवस्थेत कमी घास घेतो, हीम कमी सुटतं, रॅडिकलही कमी होतात. औषध तासाभरात निम्मं होत असल्याने तेवढा वेळ उपाशी काढला की त्याचं भागतं. पुढच्या, भरपूर खाणाऱ्या अवस्थेत तो पूर्वीइतकाच मरतो. म्हणूनच याला पूर्ण नव्हे, आंशिक प्रतिकार म्हणतात.

गावपातळीवर याची खूण एकच: पूर्ण पाकीट समोर बसून घेतलं, उलटी झाली नाही, तरी तिसऱ्या दिवशीच्या काचपट्टीवर परजीवी दिसतो. असा रुग्ण पीएचसीला कळवायचा. मात्र आधी डोस खरंच पोटात गेले होते का हे तपासा. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.

१२. औषध चालू असताना लिंबू, आवळा बंद करायचा का? त्याने फ्री रॅडिकल मरतात म्हणे.

नाही. परीक्षानळीत अँटिऑक्सिडंट भरपूर ओतले तर औषधाचा जोर कमी होतो हे खरं. जेवणातल्या लिंबू-आवळ्याने परजीवीच्या पोटात तेवढं प्रमाण होत नाही. व्हिटॅमिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या मात्र त्या तीन दिवसांत विनाकारण घेऊ नयेत.

१३. गोळी घेतल्यावर उलटी झाली तर?

पहिला डोस समोर द्यायचा आणि १५ मिनिटं बसवून ठेवायचं. तेवढ्यात उलटी झाली तर थोडी विश्रांती देऊन नव्या पाकिटातून पूर्ण डोस पुन्हा द्यायचा. पुन्हा उलटी झाली तर गोळीचा नाद सोडून रुग्ण वर पाठवायचा. उपाशीपोटी देऊ नका. भाकर-वरणाचे चार घास तरी आधी जाऊ द्या. गुंगी, झटके, धाप, पाणीही न टिकणं, काळी लघवी यांपैकी एक जरी असेल तर तिथे आर्टेसुनेटचं इंजेक्शन लागतं: किलोमागे २.४ मिलिग्रॅम, सुरुवातीला, १२ तासांनी आणि २४ तासांनी, पुढे रोज एकदा. २० किलोखालच्या मुलाला किलोमागे ३ मिलिग्रॅम. इंजेक्शन संपल्यावर तोंडाने तीन दिवसांची पूर्ण जोडी घ्यावीच लागते, कारण प्रश्न ५.

१४. पाकीट संपून दहा दिवस झाले, माणूस ठणठणीत आहे, पण रक्ततपासणीच्या किटवर पीएफची रेघ अजून येते. औषध फेल गेलं का?

बहुधा नाही. किटवरची पीएफची रेघ एचआरपी-२ या प्रथिनामुळे उमटते. परजीवी मेला तरी हे प्रथिन रक्तात दोन-तीन आठवडे, कधी त्याहूनही जास्त राहतं. म्हणून औषध लागू पडलं की नाही हे किटवरून ठरवू नका आणि त्या रेघेवरून दुसरं पाकीटही देऊ नका. ताप परत आला असेल तर काचपट्टी घ्या. तिच्यावर अंगठ्या दिसल्या तरच उपचार पुन्हा सुरू होतो. नुसत्या चंद्रकोरी दिसल्या तर त्या प्रश्न ९ मधल्या, औषधाला दाद न देणाऱ्या; आधी प्रायमाक्विनच्या सहा गोळ्या खरंच घेतल्या होत्या का ते विचारा.